दोन भिंगं, मध्ये दहा सेंटिमीटर: प्रकल्प नोंदी

७ डिसेंबर

मामाच्या मेन रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात आज दुपारी गिऱ्हाईक कमी होतं, म्हणून त्याने ट्रायल सेटची लाकडी पेटी माझ्यासमोर उघडून ठेवली. डोळे तपासताना डॉक्टर एकेक काच घालून पाहतात, तीच ही पेटी. तिच्यातली +५ आणि −६ नंबरची काच मी महिनाभरासाठी मागितली. नंबर म्हणजे डायॉप्टर, म्हणजे मीटरमधल्या नाभीय अंतराचा व्यस्त. त्यामुळे +५ चं बहिर्वक्र भिंग २० सेंटिमीटरचं, आणि −६ चं अंतर्वक्र भिंग १६.७ सेंटिमीटरचं, उणे चिन्हासह.

मी काय करणार आहे ते ऐकून मामा म्हणाला, "अगं, पाच अधिक आणि सहा उणे, म्हणजे उरला उणे एक. उणे नंबरची पडद्यावर प्रतिमा पडते का कधी?" दोन्ही काचा एकमेकींना चिकटवल्या, तर त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण मी त्या दहा सेंटिमीटर लांब ठेवणार आहे. त्या अंतराने नेमकं काय बदलतं, हाच माझा प्रकल्प.

अंतर्वक्र भिंगाचा नंबर कसा पडताळायचा हे मामानेच दाखवलं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं एक फुलीसारखं चिन्ह भिंगातून पाहायचं आणि भिंग हळूच बाजूला सरकवायचं. उणे भिंगात चिन्ह भिंगासोबत सरकतं, अधिक भिंगात उलट सरकतं. −६ वर +६ ठेवलं की चिन्ह जागचं हलत नाही. तसं झालं, म्हणून −६ हा आकडा मी विश्वासाने घेतला. चष्म्याच्या दुकानात याला न्यूट्रलाइझ करणं म्हणतात.

८ डिसेंबर

पंचवटीतल्या आमच्या गच्चीवर मांडणी केली. ॲल्युमिनियमच्या चॅनलवर मोजपट्टी चिकटवली, भिंगांसाठी लाकडी ठोकळ्यांना खाचा पाडल्या आणि खाचेत मातकामाचा गोळा. पडदा म्हणजे फोटोफ्रेममध्ये ताणलेला ट्रेसिंग पेपर, त्याच्या मागच्या बाजूने प्रतिमा पाहायची. ट्रेसिंग पेपरवर आलेखाच्या मिलीमीटर रेघा आधीच गिरवून घेतल्या.

फक्त +५ चं भिंग लावून लांबच्या दिव्याची प्रतिमा पाडली. भिंगापासून २०.१ सेंटिमीटरवर सर्वांत स्पष्ट. दिवे पाचशे मीटरपेक्षा लांब आहेत, तिथून येणारे किरण समांतर धरले तर चूक मिलीमीटरच्या दहाव्या भागाएवढीही होत नाही.

१४ डिसेंबर

आज दोन्ही भिंगं लावली. बहिर्वक्र दिव्यांकडे, अंतर्वक्र पडद्याकडे, मध्ये १० सेंटिमीटर. पडदा मागे-पुढे करत गेले आणि अंतर्वक्र भिंगामागे २५.६ सेंटिमीटरवर दिवे टिपक्यांसारखे उमटले. प्रतिमा पडली! मामाला लगेच फोटो पाठवला.

मग वहीत लिहिलं: संयोगाचं नाभीय अंतर २५.६ सेंटिमीटर. आणि सूत्र मांडलं:

```
1/f = 1/f1 + 1/f2 - d/(f1*f2)
f1 = 20.1, f2 = -16.67, d = 10   (cm)
f  = 51.0 cm
```

एक्कावन्न. मोजलेल्याच्या बरोबर दुप्पट. चिन्हं तपासली, पुन्हा मोजलं, दादाकडून मोजून घेतलं. पडद्याची जागा २५.६ वरून हलायला तयार नाही आणि सूत्र ५१ वरून हलायला तयार नाही.

सूत्रातली शेवटची संज्ञा मात्र पाहण्यासारखी आहे. f1 आणि f2 यांची चिन्हं विरुद्ध असल्यामुळे उणे गुणिले उणे होऊन ती अधिक होते. मामाच्या भाषेत सांगायचं तर +५ आणि −६ मिळून −१, पण दहा सेंटिमीटरच्या अंतरामुळे वर +३ मिळतात, आणि संयोग +२ चा होतो. अंतर ३.३ सेंटिमीटरच्या आत असेल तर ही भर एकापेक्षा कमी पडते आणि मामाच खरा ठरतो. ते मी करूनही पाहिलं. भिंगं जवळ आणत गेले तशी प्रतिमा पडद्याच्या पार मागे, गच्चीच्या कठड्यापलीकडे गेली आणि मग कुठेच सापडेना.

१६ डिसेंबर

कॉलेजात सरांना वही दाखवली. त्यांनी आकडेमोड पाहिलीच नाही. एवढंच विचारलं, "२५.६ हे तू कुठून मोजलंस?"

"शेवटच्या भिंगापासून, सर."

"तिथूनच का?"

मला उत्तर देता आलं नाही. भिंग एकच आणि पातळ असेल तर प्रश्नच येत नाही, काच जिथे आहे तिथून मोजायचं. दोन असतील तर पहिल्यापासून का नको, दोघांच्या मधून का नको? सर म्हणाले, आलेख कागद घे आणि एकच किरण काढ.

संध्याकाळी काढला. गणित सोपं राहावं म्हणून f1 नेमकं २० धरलं. अक्षाला समांतर, अक्षापासून २ सेंटिमीटर उंचीवर एक किरण आला. बहिर्वक्र भिंगाने तो २० सेंटिमीटरवरच्या नाभीकडे वळवला. दहा सेंटिमीटर पुढे, अंतर्वक्र भिंगापाशी पोचेपर्यंत त्याची उंची निम्मी, म्हणजे १ सेंटिमीटर उरली. तिथे अंतर्वक्र भिंगाने त्याची घाई कमी केली. एरवी तो आणखी दहा सेंटिमीटरवर अक्षाला मिळाला असता, आता २५ सेंटिमीटरवर मिळतो.

समजा या दोन भिंगांवर मी पेटी झाकली. बाहेरून मला एवढंच दिसतं की २ सेंटिमीटर उंचीवरून समांतर किरण आत गेला आणि दर २५ सेंटिमीटरला १ सेंटिमीटर उतरणारा किरण बाहेर आला. पेटीच्या जागी एकच पातळ भिंग ठेवून हेच काम करून घ्यायचं, तर ते कुठे ठेवावं लागेल? बाहेर आलेल्या किरणाला पट्टी लावून मागे वाढवत न्यायचं, त्याची उंची पुन्हा २ सेंटिमीटर होईपर्यंत. त्या उतारावर २ सेंटिमीटर चढायला ५० सेंटिमीटर मागे जावं लागतं. म्हणजे अंतर्वक्र भिंगाच्या २५ सेंटिमीटर अलीकडे. म्हणजे बहिर्वक्र भिंगाच्याही १५ सेंटिमीटर पुढे, दिव्यांच्या बाजूला, जिथे काचच नाही.

पट्टी ठेवून ती रेघ मी तीनदा ओढली. हेच दुसरं मुख्य प्रतल. प्रकाश उलट्या बाजूने पाठवला तर असंच जे सापडेल ते पहिलं. संयोगाचं नाभीय अंतर तिथून मोजायचं असतं, आणि १४ तारखेला मी मोजलं ते शेवटच्या काचेपासून नाभीपर्यंतचं अंतर होतं. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त त्यांची नावं वेगळी. मुख्य प्रतलांची ही कल्पना गाउसने १८४१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रकाशशास्त्रावरच्या निबंधातली आहे.

२१ डिसेंबर

कागदावर पटलं, पण ५१ हा आकडा गच्चीवर मोजून हवा होता. अडचण अशी की मुख्य प्रतल हवेत आहे, त्याला मोजपट्टी टेकवता येत नाही. मग नाभीय अंतर अशा रीतीने मोजायला हवं की प्रतलाची जागा माहीत असण्याची गरजच पडू नये.

उपाय प्रतिमेच्या आकारात आहे. फार लांबच्या दोन दिव्यांमधला कोन ठरलेला असतो, आणि पडद्यावर त्यांच्या प्रतिमांमधलं अंतर नाभीय अंतराच्या प्रमाणात वाढतं. गोदावरीपलीकडच्या दोन उंच इमारतींवरचे दिवे निवडले. आधी एकट्या +५ च्या भिंगाने त्यांच्या प्रतिमा पाडल्या, त्यांच्यातलं अंतर १४.० मिलीमीटर. मग संयोगाने पाडल्या, ३५.५ मिलीमीटर. गुणोत्तर २.५४. एकट्या भिंगाचं नाभीय अंतर २०.१, म्हणून संयोगाचं ५१.०.

या रीतीत कोन मोजावा लागत नाही की दिव्यांचं अंतर माहीत असावं लागत नाही. प्रतिमांचे टिपके अर्ध्या मिलीमीटरपर्यंत वाचता येतात, म्हणून माझ्या उत्तरात दोनेक सेंटिमीटर इकडे-तिकडे होऊ शकतं. त्यातली मोठी चूक १४ मिलीमीटरच्या मोजमापातून येते, ३५.५ च्या नाही. दिवे आणखी दूरदूर असलेले निवडले तर चूक घटेल, पण मग ते भिंगाच्या कडेच्या दिशेला जातात आणि टिपके शेपटीसारखे पसरतात.

आता वजाबाकी: ५१.० वजा २५.६, म्हणजे २५.४. दुसरं मुख्य प्रतल अंतर्वक्र भिंगाच्या २५.४ सेंटिमीटर पुढे, बहिर्वक्र भिंगाच्या १५.४ सेंटिमीटर पुढे.

२२ डिसेंबर

आज सगळं बिघडलं होतं. काहीही न बदलता प्रतिमा २५.६ ऐवजी २७.० वर. आधी वाटलं थंडीने काही झालं असेल, कारण रात्री बहिर्वक्र भिंगावर दव धरलं होतं. पण दवाने प्रतिमा पुसट होते, जागा बदलत नाही. शेवटी भिंगांमधलं अंतर मोजलं तर ९.८ निघालं. खाचेतला मातीचा गोळा खचून बहिर्वक्र भिंग दोन मिलीमीटर मागे झुकलं होतं. दोन मिलीमीटरने प्रतिमा चौदा मिलीमीटर गेली.

मग मुद्दाम अंतर ९.५ केलं, प्रतिमा २९ च्या जरा पुढे गेली. या संयोगात +५ आणि −६ एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात आणि उरलेली शक्ती बहुतेक मधल्या अंतरातूनच येते, म्हणून अंतर इतकं नाजूक. एक मिलीमीटर चुकलं की नाभीय अंतर सात-आठ मिलीमीटरने बदलतं. आणि खऱ्या काचेला जाडी असते. −६ ची काच कडेला जाड, मध्ये पातळ, +५ ची उलट. अंतर कडेपासून कडेपर्यंत मोजलं तर चूक होते, मधल्या भागापासून मोजावं लागतं. तरीही एखाद मिलीमीटरची शंका उरतेच. सूत्र पातळ भिंगांचं आहे, माझ्या काचा पूर्ण पातळ नाहीत.

माती काढून टाकली. आता प्रत्येक भिंग दोन बाजूंनी लाकडी पट्ट्यांत घट्ट धरलं आहे.

२८ डिसेंबर

सरांनी सुचवलेला प्रयोग, आणि माझ्या मते या प्रकल्पाचा गाभा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत भिंग फिरवून मुख्य प्रतलाची जागा शोधायचं नोडल स्लाइड नावाचं उपकरण असतं, पण त्याची फिरण्याची जागा भिंगाच्या आसपासच असते. मला ती पंधरा सेंटिमीटर दूर हवी.

युक्ती अशी. भिंगांच्या दोन्ही बाजूंना हवाच असेल, तर पहिल्या मुख्य प्रतलाच्या मध्यबिंदूकडे रोखलेला किरण दुसऱ्या मुख्य प्रतलाच्या मध्यबिंदूतून, मूळच्याच दिशेला समांतर, बाहेर पडतो. आता सगळा संयोग दुसऱ्या मध्यबिंदूभोवती थोडा फिरवला. दिवा लांब आहे, त्याच्या किरणांची दिशा बदलली नाही. बाहेर पडणारा किरण त्याच न हललेल्या बिंदूतून, त्याच दिशेने जातो, म्हणून प्रतिमा पडद्यावर जागची हलत नाही. दुसऱ्या कोणत्याही बिंदूभोवती फिरवलं की हा मध्यबिंदू बाजूला सरकतो आणि प्रतिमा त्याच्याबरोबर तेवढीच सरकते.

सुताराकडून ७० सेंटिमीटर लांब प्लायची पट्टी आणली. तिच्यावर दोन्ही भिंगं बसवली. बहिर्वक्र भिंगाच्या पुढे ३५ सेंटिमीटर पट्टी मोकळी सोडली आणि त्या मोकळ्या भागात दर पाच सेंटिमीटरला एक भोक पाडलं. टेबलावर एक खिळा. पट्टीचं कोणतंही भोक त्या खिळ्यात घालून पट्टी फिरवायची. पट्टी भिंगांच्या खालून जाते, प्रकाशाच्या वाटेत येत नाही. पडदा वेगळ्या ठोकळ्यावर, अंतर्वक्र भिंगामागे २५.६ वर. तो फिरता कामा नये. खिळ्यापासून ४० सेंटिमीटरवर पट्टीच्या दोन्ही बाजूंना २.१ सेंटिमीटर सोडून अडसर ठोकले, म्हणजे पट्टी डावी-उजवीकडे तीन-तीन अंशच फिरते.

पहिल्यांदा बहिर्वक्र भिंगापासून ५ सेंटिमीटरचं भोक. पट्टी एका अडसरापासून दुसऱ्या अडसरापर्यंत नेली. प्रतिमा ११ मिलीमीटर सरकली, पट्टीचं दिव्यांकडचं टोक ज्या बाजूला गेलं त्याच बाजूला. १० सेंटिमीटरच्या भोकात ५.५ मिलीमीटर, त्याच बाजूला. २० च्या भोकात ५ मिलीमीटर, पण उलट बाजूला.

१५ चं भोक मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. दादाने पट्टी फिरवली. भिंगं डोळ्यांदेखत डावीकडून उजवीकडे गेली आणि ट्रेसिंग पेपरवरचा टिपका रेघेवर तसाच राहिला. अर्धा मिलीमीटरही सरकला नसेल. दादाला वाटलं पट्टी अडकली, म्हणून त्याने पुन्हा फिरवली. मामाच्या दुकानात +६ आणि −६ एकत्र सरकवताना कॅलेंडरवरची फुली अशीच थांबली होती.

५, १० आणि २० ची मोजमापं आलेखावर मांडून सरळ रेघ ओढली, तर ती १५.३ वर शून्याला छेदते. वजाबाकीने १५.४ आलं होतं. रेघेचा चढही जुळतो. भोक एक सेंटिमीटर चुकलं तर सहा अंशांच्या फेऱ्यात प्रतिमा साधारण एक मिलीमीटर सरकायला हवी, आणि माझ्या आलेखात ती १.०७ सरकते. एका भोकावर टिपका थांबलेला पाहून जागा ठरवण्यापेक्षा ही रेघ जास्त भरवशाची. थांबला की अगदी थोडा सरकला, हे डोळ्याला नीट ठरवता येत नाही, ११ मिलीमीटर मात्र ठरवता येतात.

४ जानेवारी

उरलं पहिलं मुख्य प्रतल. त्यासाठी नवीन काही बांधावं लागलं नाही. पट्टी उलटी करायची, अंतर्वक्र भिंग दिव्यांकडे आणि बहिर्वक्र पडद्याकडे. प्रकाश उलट्या वाटेने गेला की पहिल्या आणि दुसऱ्या प्रतलांची अदलाबदल होते.

प्रतिमा शोधायला वेळ लागला, कारण ती बहिर्वक्र भिंगामागे ८१.५ सेंटिमीटरवर होती आणि अंधुक होती. अंधुक असण्याचं कारण आकृतीतून कळलं. अंतर्वक्र भिंग समांतर झोत आधी पसरवतं, दहा सेंटिमीटर पुढे तो १.६ पट रुंद होतो आणि त्याच्या कडा बहिर्वक्र भिंगाच्या बाहेर जातात. आधीच्या मांडणीच्या मानाने प्रकाश निम्म्याहून कमी पोचतो. स्वयंपाकघरातला दिवा बंद करायला लावला, तेव्हा टिपके दिसले.

त्यांच्यातलं अंतर मोजलं: ३५.५ मिलीमीटर. आधीइतकंच! शेवटच्या काचेपासून पडदा एकदा २५.६ वर होता, आता ८१.५ वर आहे, तरी प्रतिमा तेवढीच मोठी. १४ तारखेच्या माझ्या समजुतीप्रमाणे ती तिपटीहून मोठी व्हायला हवी होती. नाभीय अंतर दोन्हीकडून ५१ च आहे, बदललं ते फक्त काचेपासूनचं अंतर.

८१.५ वजा ५१.० म्हणजे ३०.५. पहिलं मुख्य प्रतल बहिर्वक्र भिंगापासून ३०.५ सेंटिमीटरवर, पट्टीच्या त्याच मोकळ्या भागात. ३० चं भोक खिळ्यात घातलं, फिरवलं, टिपका जेमतेम अर्धा मिलीमीटर सरकला. २० च्या भोकात तो सेंटिमीटरभर गेला.

आता पट्टीवर दोन भोकांना लाल रंग लावला आहे, १५ आणि ३०. दोन्ही मुख्य प्रतलं भिंगांच्या एकाच बाजूला, मोकळ्या हवेत, एकमेकांपासून पंधरा सेंटिमीटरवर. कॅमेऱ्याच्या टेलिफोटो भिंगात हीच मांडणी असते. पहिल्या काचेपासून पडद्यापर्यंत माझी लांबी ३५.६, आणि नाभीय अंतर मात्र ५१. उलटी मांडणी रुंद कोनाच्या भिंगांत वापरतात, कारण एसएलआर कॅमेऱ्यात शेवटच्या काचेमागे आरशाला जागा लागते. अँजेन्यूने १९५० मध्ये रेट्रोफोकस नावाने तसं भिंग आणलं होतं.

५ जानेवारी

सरांच्या शंकेची नोंद. ही फिरवण्याची रीत मुख्य प्रतल दाखवते, ते दोन्ही बाजूंना हवा आहे म्हणून. एका बाजूला पाणी असतं, उदाहरणार्थ मागचं भिंग माशांच्या टाकीच्या काचेला लावलं असतं, तर टिपका ज्या बिंदूभोवती थांबतो तो नोडल बिंदू आणि मुख्य प्रतलाचा बिंदू वेगवेगळे झाले असते. मग खिळ्याने सापडलेल्या जागेपासून पडद्यापर्यंत मोजलेलं अंतर नाभीय अंतर म्हणता आलं नसतं.

संध्याकाळी मामा दुकान बंद करून गच्चीवर आला. त्याला दोन्ही काचा आधी हातात चिकटवून धरायला दिल्या, मग पट्टी १५ च्या भोकात घालून त्याच्या हातात दिली. त्याने बराच वेळ पट्टी फिरवली, टिपका पाहिला, मग खाली वाकून खिळा पाहिला आणि विचारलं, "इथे तर काहीच नाहीये. मग हा थांबतो कशाला धरून?" मी त्याला आलेख कागदावरची मागे वाढवलेली रेघ दाखवली. काचा त्याने आणखी पंधरा दिवस राहू दिल्या आहेत. आता अंतर १० ऐवजी ८ करून दोन्ही लाल भोकं कुठे सरकतात ते मोजायचं. सूत्राने ती आणखी पुढे, २१ आणि ३५ च्या आसपास यायला हवीत, म्हणजे ३५ सेंटिमीटरची मोकळी पट्टी पुरणार नाही आणि सुताराकडे पुन्हा जावं लागेल.